लाल स्वेटर, हिरवं कुंपण आणि दोघांचा एकच करडा

शर्वरी_०७

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाचा एक फोटो कृष्णधवल करायचा आहे. तो झुडपांच्या कुंपणापुढे उभा आहे आणि अंगात लाल स्वेटर आहे. रंगीत फोटोत स्वेटर लगेच नजरेत भरतो. फोनमधल्या अ‍ॅपात एका बटणावर कृष्णधवल केलं, तर स्वेटर मागच्या पानांत विरघळून गेला आणि भावाचा चेहरा नुसता तरंगताना दिसतोय.

संगणकावर आयड्रॉपरने रंग मोजले (लाल, हिरवा, निळा या क्रमाने):

स्वेटर: १९०, ५०, ५०
पानं: ७०, ११०, ५०
गाल: २१५, १६५, १३५

अ‍ॅपातून आलेल्या फोटोत स्वेटर ९२ आहे, पानं ९१ आणि गाल १७७. डोळ्यांना इतके वेगळे दिसणारे दोन रंग एका आकड्यावर कसे आले? आणि कुठला रंग किती गडद व्हावा हे मला ठरवता येईल का? रॉ फाइल जवळ आहे.

---

स्वप्नील_क्लिक

सोपं आहे. सॅच्युरेशन शून्य करा आणि कर्व्हला एस आकार देऊन काँट्रास्ट वाढवा. सगळं सुटून दिसेल. मी कायम असंच करतो.

---

मधलीछटा

स्वप्नील, कर्व्हने इथे काम होणार नाही. कर्व्हला फक्त करड्याचा आकडा कळतो. हा ९२ स्वेटरमधून आला की पानांमधून, ही माहिती तोवर पुसली गेलेली असते. ९२ ला उचललं की ९१ सुद्धा सोबत उचलला जातो. फरक पाडायचा असेल तर रंग हाताशी असतानाच, म्हणजे करडा तयार होण्याच्या क्षणी पाडावा लागतो.

शर्वरी, तुमच्या अ‍ॅपने जुन्या टीव्ही मानकातलं सूत्र वापरलेलं दिसतंय:

```
Y = 0.299 R + 0.587 G + 0.114 B
```

तुमचे आकडे यात घालून पाहा, स्वेटर ९२ आणि पानं ९१ बरोबर येतात. डोळ्यांना हिरवा सर्वांत उजळ वाटतो, म्हणून त्याला मोठा वाटा दिलाय. स्वेटरमध्ये लाल भरपूर आहे पण लालचा वाटा लहान, पानांत हिरवा बेताचाच आहे पण त्याचा वाटा मोठा. गुणाकार करून बेरीज केली की दोन्ही एकाच ठिकाणी येऊन थांबतात.

‘साधं कृष्णधवल’ ही एकच एक गोष्ट नसते, हेही इथेच दिसतं. दुसरं प्रचलित सूत्र 0.2126, 0.7152, 0.0722 असे वाटे घेतं. त्यात स्वेटर ८० होतो आणि पानं ९७. फोटोशॉपमधलं Desaturate तिसराच हिशेब करतं. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा घेऊन त्यांची सरासरी काढतं. त्यात स्वेटर १२० आणि पानं ८०. स्वप्नीलला कदाचित म्हणूनच कर्व्ह पुरत असेल, कारण त्याच्याकडे आधीच थोडा फरक पडलेला असतो. पण त्याच हिशेबात शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोन्ही १२८ होतात, त्यामुळे त्याच्यावर विसंबता येत नाही.

आता एक करा. चॅनल्स पॅनेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा चॅनल एकेक करून उघडा आणि नुसतं पाहा. ते तीन तयार कृष्णधवल फोटोच आहेत. कुठल्यात काय आवडलं, काय खटकलं ते इथे लिहा.

---

नवखा_प्रवासी

मलाही हेच हवं होतं! म्हणजे बाकी सगळा फोटो कृष्णधवल आणि फक्त स्वेटर लाल, बरोबर ना? त्यासाठी मास्क कसा करायचा तेही सांगाल का?

---

शर्वरी_०७

@नवखा_प्रवासी, नाही हो, मला कुठलाच रंग ठेवायचा नाहीये. स्वेटरचा लाल कुठल्या करड्यात उतरावा एवढाच प्रश्न आहे. तुमच्यासाठी वेगळा धागा काढलात तर बरं, कारण तिथे मास्कचं काम मुख्य आहे.

@मधलीछटा, तिन्ही चॅनल पाहिले. खूप काही कळलं.

लालमध्ये स्वेटर १९०, पानं ७०. दोघं एकदम वेगळे झाले. पण गाल २१५ वर गेलाय, चेहरा पिठासारखा सपाट दिसतो आणि ओठ जवळजवळ गायब झालेत.

हिरव्यात स्वेटर ५०, पानं ११०, गाल १६५. तिघंही सुटे. चेहऱ्याला छान गोलाई आली. पण गालावरचे मुरमाचे लाल डाग, जे रंगीत फोटोत माझ्या लक्षातही आले नव्हते, ते काळे ठिपके होऊन वर आले.

निळ्यात स्वेटर ५० आणि पानंही ५०. परत तेच. शिवाय सगळीकडे रवाळ.

---

अंधारखोली

शर्वरीताई, तुम्ही जे पाहिलंत ते आम्ही फिल्मवर काचेचे फिल्टर लावून पाहायचो. लेन्सवर लाल फिल्टर, म्हणजे २५ नंबरचा, लावला की ओठ फिके पडतात आणि त्वचा मेणासारखी होते. म्हणून व्यक्तिचित्राला लाल फिल्टर सहसा कुणी लावत नसे. पुरुषांच्या चेहऱ्याला ११ नंबरचा पिवळट हिरवा लावायचो, त्वचेत जीव येतो. त्याही आधीच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश दिसतच नसे. तिच्यावरचे जुने चेहरे पाहा, ओठ गडद असतात आणि त्वचेवरचा प्रत्येक डाग बोलतो. तुमचा हिरवा चॅनल त्याच दिशेने जातोय.

आम्हाला निवड शटर दाबण्याआधी करावी लागे आणि ती अख्ख्या फ्रेमला लागू व्हायची. तुमच्याकडे तिन्ही नोंदी शाबूत आहेत. त्यामुळे आधी मनाशी ठरवा, स्वेटर पानांपेक्षा उजळ हवा की गडद? हे ठरल्याशिवाय कुठलाही स्लायडर हलवू नका.

---

शर्वरी_०७

उजळ हवा असं वाटतंय. रंगीत फोटोत तोच पुढे येतो ना.

---

स्वप्नील_क्लिक

मग चॅनल मिक्सर घ्या, Monochrome वर टिक करा आणि लाल ६०, हिरवा ६०, निळा −२० ठेवा. ही रेसिपी मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. बेरीज मात्र १०० च झाली पाहिजे. १०० असली की काहीच जळत नाही, तिच्यापलीकडे गेलात की फोटो जळतो.

---

मधलीछटा

रेसिपी तपासून पाहू. ६०, ६०, −२० ने स्वेटर १३४ होतो, पानं ९८ आणि गाल २०१. म्हणजे स्वेटर आणि पानांत ३६ चा फरक. चालेल. पण त्याऐवजी लाल ७०, हिरवा ३०, निळा ० घेतलं तर स्वेटर १४८, पानं ८२, गाल २००. चेहरा जवळपास तिथेच राहिला आणि फरक ६६ झाला. निळ्याला उणे घेऊन या फोटोत काहीच मिळत नाही, कारण स्वेटर आणि पानं निळ्यात सारखीच आहेत. रेसिपी फोटोला जुळते का, हे तीन ठिकाणचे आकडे घालून दोन मिनिटांत कळतं.

शर्वरी, एका डागाचे आणि त्याच्या शेजारच्या त्वचेचे आकडेही मोजा. डाग २००, १२०, १०५ च्या आसपास असेल असं धरतो. मग लाल चॅनलमध्ये तो शेजारच्या गालापेक्षा १५ ने गडद, हिरव्यात ४५ ने. ७०/३० च्या मिश्रणात २४ ने. म्हणजे दिसेल, पण ओरडणार नाही.

बेरजेबद्दल. बेरीज १०० ठेवली की जे आधीच करडं किंवा पांढरं आहे ते जागेवर राहतं, आणि बेरजेचा फायदा एवढाच. रंगीत भाग जळणार नाहीत याची हमी ती देत नाही. लाल १४०, हिरवा −४०, निळा ० घ्या, बेरीज १००. कपाळावर उन्हाची तिरीप आहे आणि तिथे २४५, २०५, १८० आहे असं समजा. ३४३ मधून ८२ गेले, २६१ उरले. २५५ च्या पुढे जागाच नाही, तिथे कोरा पांढरा डाग पडणार. उलट बेरीज ९० ठेवली तर फोटो जरा गडद होईल इतकंच, त्यात चूक काहीच नाही. नजर बेरजेवर न ठेवता हिस्टोग्रामच्या उजव्या टोकावर ठेवा.

---

स्वप्नील_क्लिक

हे मी कधी गणित करून पाहिलं नव्हतं. बेरीज १०० असूनही कपाळ जळलेले दोन फोटो माझ्याकडे आहेत, आत्ता कारण कळलं.

---

कॅमेरावेडी

माझाही प्रश्न इथेच विचारते. निसर्गचित्र आहे, निळं आकाश, पांढरे ढग, समोर बारीक फांद्यांचं झाड. मी चॅनल मिक्सर वापरला नाही, लाइटरूममधल्या B&W मिक्समध्ये Blue −८५ केला. आकाश मस्त काळंभोर झालं, पण प्रत्येक फांदीभोवती पांढरी किनार आली आणि आकाशात चट्टे दिसतायत. ढगांना मात्र काही झालं नाही. शार्पनिंग जास्त झालं असेल म्हणून शून्यावर आणलं, तरी किनार तशीच.

---

मधलीछटा

शार्पनिंगचा दोष नाही. दोन्ही साधनं काम कशी करतात त्यात याचं उत्तर आहे.

चॅनल मिक्सर प्रत्येक पिक्सेलला एकाच मापाने मोजतो. पिक्सेल आकाशाचा आहे की फांदीचा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यामुळे तो कुठेही तुटत नाही. पण ‘फक्त निळं गडद कर’ असं त्याला सांगता येत नाही. लालचा वाटा वाढवलात की लाल असलेलं सगळंच उजळतं.

रंगांचे स्लायडर आधी पिक्सेलचा रंग कुठला आणि तो किती भरलेला आहे ते पाहतात आणि त्या प्रमाणात करडा वरखाली करतात. ढगांना रंगच नाही, म्हणून त्यांना काही झालं नाही. पण फांदीच्या कडेवरचा पिक्सेल अर्धा आकाश आणि अर्धा फांदी असतो. त्याचा निळा फिका पडलेला असतो, म्हणून स्लायडर त्याला पुरतं ओढत नाही. बाजूचं आकाश काळं झालं आणि तो मागे उजळ राहिला, तीच तुमची किनार. लेन्समुळे कडेवर जांभळी झाक असेल तर ती Blue मध्ये न येता Purple मध्ये जाते आणि किनार आणखी ठळक होते.

चट्टे वेगळ्या कारणाने येतात. आकाशाच्या रंगातही रवा असतो. एक पिक्सेल जरा हिरवटाकडे, शेजारचा जरा जांभळ्याकडे. रंगीत फोटोत ते जाणवत नाही. पण स्लायडरने निळ्याला ओढून शेजारच्या Aqua ला तसंच सोडलं की तो लहानसा फरक उजेडाच्या फरकात बदलतो. फाइल जेपेग असेल तर आणखी वाईट, कारण बहुतेक जेपेगमध्ये रंगाची नोंद उजेडाच्या मानाने आडवी उभी निम्म्या बारकाईने ठेवलेली असते. मग चट्टे चौकोनी दिसतात. २०० टक्के मोठं करून पाहा, चौकोन दिसले तर तेच कारण.

तुमच्याकडे रॉ असेल तर हा क्रम ठेवा. आधी लेन्सची रंगीत झाक काढा, मग रंगाचा रवा कमी करा, मग Blue −४० च्या आसपास थांबा आणि Aqua ला त्याच्यासोबत खाली आणा. उरलेला काळेपणा आकाशावर वरून खाली उतरता ग्रेडियंट टाकून मिळवा.

---

कॅमेरावेडी

जेपेगच होती, आणि चौकोन स्पष्ट दिसले. रॉ शोधते. चॅनल मिक्सरने केलं तर किनार येणारच नाही ना?

---

मधलीछटा

किनार जवळजवळ येत नाही, पण रवा वाढतो. समजा आकाश ९५, १४०, २०० आहे. नुसता लाल घेतला तर ९५. लाल १४० आणि निळा −४० घेतला तर ५३, म्हणजे चांगलं गडद. पण चॅनल एकमेकांतून वजा केले तरी त्यांचा रवा वजा होत नाही, तो साचत जातो. तिन्ही चॅनलमध्ये सारखा रवा आहे असं धरलं तर १४०/−४० मध्ये तो एका चॅनलच्या जवळपास दीडपट होतो. तिन्ही सारखे मिसळले असते तर ०.६ पटीच्याही जरा खाली गेला असता. आणि निळा चॅनल बहुधा मुळातच जास्त रवाळ असतो, विशेषतः पिवळ्या दिव्याखाली. तिथे निळा प्रकाश कमी पोचतो आणि व्हाइट बॅलन्स त्याला ताणून मोठा करतो.

---

अंधारखोली

थोडी भर घालतो. काचेच्या लाल फिल्टरने उन्हातल्या सावल्यासुद्धा गडद होत, कारण उघड्यावरच्या सावलीला उजेड निळ्या आकाशाकडून मिळतो. चॅनल मिक्सरमध्ये लाल वाढवला की तसंच होतं. Blue स्लायडरमध्ये सावल्या फारशा हलत नाहीत, त्यांचा निळा अगदी फिका असतो. म्हणून फिल्टरसारखं दिसावं अशी इच्छा असेल तर मी मिक्सरच घेतो. स्लायडरने केलेलं आकाश मला कापून चिकटवल्यासारखं वाटतं.

---

मधलीछटा

आकाशाबद्दल सहमत. चेहऱ्यांबद्दल नाही, तिथे स्लायडरनेच हाताला बारीक काम येतं.

---

शर्वरी_०७

मी दोन्ही करून पाहिलं. ७०/३० चांगलं आलं. मग रॉवर लाइटरूमचे स्लायडरही लावून पाहिले. Red वाढवला, स्वेटर उजळला, गालही थोडा उजळला. पण पानं गडद करायला Green पार खाली नेला तरी पानं म्हणावी तितकी हलत नाहीत. असं का?

---

मधलीछटा

कारण पानं आपल्याला वाटतात तितकी हिरवी नसतात. तुमचा ७०, ११०, ५० हा रंगचक्रावर १०० अंशांच्या आसपास पडतो. पिवळा ६० वर आणि हिरवा १२० वर. म्हणजे पानं दोघांच्या मध्ये आहेत, उन्हातली तर आणखी पिवळ्याकडे सरकतात. Yellow आणि Green दोन्ही एकत्र खाली आणा.

त्वचेचंही तसंच. गाल २२ अंशांवर आहे, स्वेटर ० वर. लाइटरूममध्ये Orange वेगळा असल्यामुळे स्वेटर Red ने वर नेऊन चेहरा Orange ने परत खाली आणता येतो. फोटोशॉपच्या Black & White मध्ये सहाच स्लायडर आहेत, Orange नाही. तिथे चेहरा Reds आणि Yellows मध्ये वाटला जातो, आणि Yellows हलवला की पानंही हलतात. तुमच्या फोटोसाठी हीच अडचण आहे.

एक खबरदारी. व्हाइट बॅलन्स आधी पक्का करा. नंतर हलवलात तर सगळे रंग चक्रावर सरकतात आणि जुळवलेले स्लायडर वेगळ्याच पिक्सेलना पकडतात.

---

टिपणवही

मी डार्कटेबल वापरतो. color calibration मधल्या gray टॅबवर ६०/६०/−२० टाकून पाहिलं तर स्वेटर वर काढलेल्या १३४ पेक्षा बराच उजळ आला. माझं काही चुकतंय का?

---

मधलीछटा

चुकत नाही. डार्कटेबल हा हिशेब प्रकाशाच्या खऱ्या प्रमाणात करतं, आम्ही वर जे आकडे गुणले ते गॅमा लागलेले, फाइलमध्ये साठवलेले आकडे आहेत. तेच मिश्रण प्रकाशाच्या प्रमाणात करून परत आणलं तर स्वेटर १३४ ऐवजी १५४ च्या आसपास येतो आणि पानं ९९ वर, म्हणजे जिथल्या तिथे. भरलेल्या रंगांवर फरक जास्त पडतो. म्हणून एका सॉफ्टवेअरचे आकडे दुसऱ्यात उचलून नेऊ नका. गिंपच्या Mono Mixer मध्येही वाटे टक्क्यांत नसून ०.७, ०.३ असे लिहावे लागतात.

---

शर्वरी_०७

आज पुन्हा बसले आणि एक नवीनच अडचण सापडली. स्वेटरच्या खांद्यावर ऊन पडलंय. तिथे लाल चॅनल २५५ आहे, सपाट. विणीची नक्षी त्या भागात दिसतच नाही. हिरव्या चॅनलमध्ये मात्र तीच नक्षी शिल्लक आहे, तिथे आकडे ९० ते १२० मध्ये फिरतायत. रॉमध्ये एक्स्पोजर कमी केलं तर थोडी परत येते, पूर्ण नाही.

---

मधलीछटा

भडक लाल कपड्यांवर हे नेहमी होतं. एकूण हिस्टोग्राम ठीक दिसतो आणि एकटा लाल चॅनल भरून वाहत असतो. खांद्यावर ७०/३० लावलं तर ७० टक्के भाग तिथे कोऱ्या पांढऱ्यातून येतो आणि नक्षी फक्त ३० टक्क्यांवर तग धरते. खांद्यापुरता मास्क करून तिथे हिरव्याचा वाटा ६० पर्यंत न्या, मग कर्व्हने उजेड जुळवा.

---

अंधारखोली

मी वेगळं सांगेन. स्वेटर गडदच घ्या. लाल २०, हिरवा ८० ठेवलात तर स्वेटर ७८, पानं १०२, गाल १७५. वीण अख्खी मिळते, चेहरा सर्वांत उजळ राहतो आणि नजर तिथेच जाते. लाल रंग रंगीत फोटोत पुढे येतो म्हणून करड्यात तो उजळच असावा असा काही नियम नाही.

---

मधलीछटा

पण मग डाग ३९ ने गडद होतात, ७०/३० मध्ये २४ होते. आणि स्वेटर आणि पानांत २४ चाच फरक उरतो, छापल्यावर तो आणखी आवळेल.

---

शर्वरी_०७

दोन्ही करून लहान आकारात छापून पाहिले. गडद स्वेटरच्या प्रतीत चेहरा खरंच जास्त बोलतो, पण स्वेटरची खालची कड पानांत शिरतेय. उजळ प्रतीत कड स्वच्छ आहे, खांदा मात्र मास्क करूनही जरा प्लास्टिकसारखा दिसतोय. आता गडद प्रत घेऊन चेहऱ्यापुरतं ७०/३० चा थर मास्कने लावतेय. गळ्याच्या रेषेवर करड्याची उडी दिसते, कारण गाल हिरव्याच्या मिश्रणात १७५ आणि ७०/३० मध्ये २०० आहे. थराची अपारदर्शकता ५० टक्के केल्यावर उडी कमी झाली, पण कानाशी अजून दिसतेय. तिथे मास्क किती मऊ ठेवावा?

---

अंधारखोली

मऊपणा वाढवू नका, केसांवर सांडेल. आधी ७०/३० चा थर कर्व्हने खाली आणा, त्याचा गालही १७५ वर बसू दे. मग मास्कची कड कशीही असली तरी उडी राहणार नाही, फक्त डाग फिके होतील. कान गालापेक्षा लालसर असतो, तिथे थोडा फरक उरेल. तो हाताने, कमी प्रवाहाच्या ब्रशने.

---

शर्वरी_०७

कर्व्हने जुळवलं. गळ्यावरची रेषा गेली. कान बाकी आहे.